P0412_02 म्हणजे पदर

पैठणीच्या दुकानात साडीचा फोटो मागणाऱ्या गिऱ्हाइकाला 'एक मिनिट हं' म्हणून ताटकळत ठेवणारा माणूस बहुतेकदा फोटो नाही म्हणून थांबलेला नसतो. फोटो असतो, चांगला काढून, नीट उजळून घेतलेला असतो. तो नेमका कुठल्या फोल्डरमध्ये, कुठल्या नावानं पडलाय, हे त्या घडीला कुणालाच आठवत नाही. फोटो एडिटिंगचं काम स्वतंत्रपणे करणारे लोक हल्ली फोटोंच्या लिंकबरोबर एक लांबलचक निरोपही पाठवतात, तो यासाठी. फोल्डर कसे लावलेत, फाइलला कुठलं नाव कशावरून दिलंय, काय बदलायचं नाही, हे त्यात लिहिलेलं असतं. बरेच ग्राहक तो न वाचताच लिंक उघडतात आणि महिन्याभरानं फोन करतात.

असा निरोप कसा असतो आणि त्यातल्या प्रत्येक ओळीमागे काय कारण असतं, हे पाहण्यासाठी एक नमुन्याचं उदाहरण घेऊ. येवल्यातलं एक पैठणीचं दुकान. नवरात्राआधी ३२ नव्या साड्यांचे फोटो काढून घेतले. फोटो काढणारा नाशिकचा, एडिटिंग करणारी पुण्यात घरून काम करणारी. काही फोटो दुकानाच्या वेबसाइटवर जाणार, दहा साड्या अ‍ॅमेझॉनवर, काही छापील पत्रकात, आणि सगळेच्या सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर, कारण निम्मी विक्री तिथंच. अशा कामानंतर ती जो निरोप धाडते, तो साधारण असा:

> नमस्कार दादा, फोटो तयार आहेत. लिंक खाली देतेय. डाउनलोड करण्याआधी एवढं वाचून घ्या.
>
> मुख्य फोल्डरमध्ये चार फोल्डर आणि एक यादी आहे. वेबसाइटचे फोटो 01 मध्ये, अ‍ॅमेझॉनचे 02 मध्ये, गिऱ्हाइकांना पाठवायचे 03 मध्ये, छपाईचे 04 मध्ये. छापणाऱ्याला फक्त 04 मधलेच द्या.
>
> फाइलच्या नावात आधी तुमच्या लेबलवरचा साडीचा नंबर आहे, मग फोटोचा प्रकार. 01 पूर्ण साडी, 02 पदर, 03 काठ, 04 बुट्टी, 05 ब्लाउजपीस, 06 नेसलेली. म्हणजे P0412_02 हा 412 नंबरच्या साडीचा पदर.
>
> तीन साड्यांना ब्लाउजपीस नाही, त्यांचा 05 नंबर मुद्दाम रिकामा ठेवलाय. 01 फोल्डरमध्ये एकूण 189 फाइल्स दिसायला हव्यात. कमी दिसल्या तर डाउनलोड अर्धवट झालंय, मला सांगा.
>
> नावं बदलू नका. काही दुरुस्ती हवी असेल तर फोटो परत पाठवू नका, फक्त त्याचं नाव लिहा.

आणि त्याखाली फोल्डरांचा नकाशा:

```
PAITHANI_2025-09
  00_YADI.xlsx
  01_WEB           189
  02_MARKETPLACE    60
  03_WHATSAPP      189
  04_PRINT           8
```

वाचायला दोन मिनिटं लागतात. पण यातली जवळजवळ प्रत्येक ओळ कुठल्या ना कुठल्या कामात झालेल्या घोटाळ्यातून आलेली असते.

पहिला प्रश्न नावाचाच. कॅमेरा स्वतः प्रत्येक फोटोला नाव देतोच की, मग ते का बदलायचं? कॅमेऱ्याचं नाव कुठून येतं ते पाहिलं की उत्तर मिळतं. जपानच्या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संघटनेनं १९९८ साली डिजिटल कॅमेऱ्यांसाठी फाइलींचा एक नियम ठरवला. कार्डावर `DCIM` नावाचं फोल्डर, त्यात फाइलींची आठ अक्षरांची नावं: चार अक्षरं कंपनीची आणि चार आकडे मोजणीचे. म्हणून कॅननचे फोटो `IMG_0001` असे येतात आणि निकॉनचे `DSC_0001` असे. मोजणीला चारच घरं असल्यामुळे ९९९९ नंतर आकडा पुन्हा ०००१ वर येतो. भरपूर काम करणाऱ्या फोटोग्राफरचा कॅमेरा वर्षातून अनेकदा हे चक्र पूर्ण करतो. त्यामुळे दिवाळीतला `IMG_4127` आणि पाडव्यातला `IMG_4127` हे दोन वेगळे फोटो एकाच दुकानाच्या कॉम्प्युटरवर येऊ शकतात, आणि कुणीतरी एका फोल्डरवर दुसरं फोल्डर ओतलं की एक दुसऱ्याला गिळतो. 'रिप्लेस करू का?' असं कॉम्प्युटर विचारतो, आपण घाईत 'हो' म्हणतो.

त्याच नियमातली एक बारीक खूण एडिटरच्या नजरेत लगेच भरते. नावाची सुरुवातच अधोरेषेनं झाली असेल, म्हणजे `_DSC1234` किंवा `_MG_1234` असं असेल, तर तो फोटो अ‍ॅडोब आरजीबी या रंगपद्धतीत काढलेला असतो. तो तसाच वेबसाइटवर चढवला तर काही ठिकाणी राणी रंग विटलेला दिसतो. कॅमेऱ्याच्या नावाचा उपयोग आहे, पण तो फोटो काढणाऱ्याला आणि एडिट करणारीला. दुकानदाराला त्यातून एका अक्षराचंही ज्ञान होत नाही.

मग नाव कशावरून द्यायचं? साडीवरून, हे उघड आहे. पण साडीतलं काय घ्यायचं, इथं बहुतेकजण फसतात. पहिला मोह रंगाचा. 'जांभळी मुनिया काठ' हे नाव किती छान, वाचताक्षणी साडी डोळ्यांसमोर येते. पण फाइलचं नाव रोमन अक्षरांत लिहायचं ठरलं की 'जांभळी' दुकानातली तीन माणसं `jambhali`, `jambhli` आणि `zambhali` अशी तीन तऱ्हेनं लिहितात. शोधताना एकानं एक टाइप केलं की बाकीचे दोन फोटो सापडतच नाहीत. त्यातून पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असला की ती साडी एका बाजूनं हिरवी दिसते, दुसऱ्या बाजूनं निळी. तिला मोरपंखी म्हणायचं, हिरवी म्हणायचं की निळी, यावर मालक आणि त्यांचा मुलगा यांचंच एकमत नसतं. शिवाय एकाच रंगाच्या, एकाच काठाच्या दोन साड्या दुकानात नेहमीच असतात.

साडीच्या लेबलवर दुकानानं स्वतः घातलेला नंबर मात्र एकमेव असतो. वहीत तोच, बिलात तोच, कपाटातल्या घडीवर तोच. म्हणून फोटोचं नाव त्या नंबरावरून. पुण्यात बसलेल्या बाईला कुठला फोटो कुठल्या नंबराचा हे कळावं म्हणून नाशिकच्या फोटोग्राफरला आधीच सांगून ठेवावं लागतं: नवी साडी मांडली की पहिला फोटो तिच्या लेबलचा काढायचा, नंबर स्पष्ट वाचता येईल असा. मग बाकीचे सहा. एडिटिंगला बसल्यावर लेबलचा फोटो आला की पुढचे सगळे त्या साडीचे, पुढचं लेबल येईपर्यंत. हा एक जास्तीचा फोटो काढायचा राहून गेला, तर ३२ साड्यांचं काम ओळख परेड होऊन बसतं. दोन डाळिंबी साड्या, दोन्हीच्या पदरावर मोर, कुठली ४१८ आणि कुठली ४२३? मोरांची संख्या मोजायची, काठाची रुंदी ताडून पाहायची, शेवटी दुकानात फोन करून साड्या उलगडायला लावायच्या.

नंबराच्या आधी `P` का, आणि ४१२ ऐवजी `0412` का? शून्याचं कारण सोपं आहे. बऱ्याच प्रोग्रॅममध्ये नावं आकड्यांच्या किमतीनुसार न लागता अक्षरांप्रमाणे लागतात. तिथं १ नंतर १०, मग ११, आणि २ त्यांच्याही मागे. ९८ नंबरची साडी ४१२ च्या पुढे जाऊन बसते. सगळे नंबर चार घरांचे केले, म्हणजे ९८ चा `0098` केला, की हा प्रश्न मिटतो. पण लगेच दुसरा उभा राहतो. एक्सेलमध्ये `0098` टाइप केलं की एक्सेल त्याला संख्या समजतं आणि पुढची शून्यं उडवून नुसतं ९८ ठेवतं. यादीत ९८ आणि फोटोवर ००९८, मग जुळवाजुळव फसली. पुढे एक अक्षर लावलं की एक्सेलला तो मजकूर वाटतो आणि ते हात लावत नाही. `P` हे पैठणीचं आद्याक्षर आहेच, पण त्याचं खरं काम हे आहे.

अक्षर कुठलंही चालेल असंही नाही. मरून रंगासाठी कुणी `MAR07` असा कोड केला, तर एक्सेल त्याची ७ मार्च ही तारीख करून टाकतं. हे हसण्यावारी नेण्यासारखं वाटेल, पण याच खोडीपायी शास्त्रज्ञांना माणसाच्या जनुकांची नावं बदलावी लागली. `MARCH1` आणि `SEPT1` अशी नावं एक्सेलच्या तक्त्यात गेली की तारखा होऊन बाहेर येत, आणि त्या चुका छापील शोधनिबंधांपर्यंत पोचत. अखेर जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनं २०२० साली नियमच जाहीर केला आणि `MARCH1` चं `MARCHF1`, `SEPT1` चं `SEPTIN1` झालं. जनुकं बदलली, एक्सेलची सवय राहिली. आपल्या साडीच्या नंबरानं त्या वाटेला न गेलेलं बरं.

आता निरोपातली ती ओळ, जी वाचून दुकानदार हमखास विचारतात: 'ब्लाउजपीस नाही, तर 06 चं 05 करून टाका ना, मधे गाळलेलं कशाला?' इथं एडिटर हट्टी असते आणि तिनं तसंच असावं. मधला आकडा फोटोंची मोजणी करत नाही, तो फोटो कशाचा आहे ते सांगतो. `02` म्हणजे पदर, तो कुठल्याही साडीचा असो. सहाव्याला पाचवा केलं की त्या तीन साड्यांपुरता पाच नंबर नेसलेल्या साडीचा आणि बाकीच्यांत ब्लाउजपीसचा. मग वेबसाइट करणाऱ्यानं 'सगळे 05 ब्लाउजपीसच्या जागी लावा' असं एका फटक्यात काम केलं की तीन ठिकाणी ब्लाउजपीसच्या जागी मॉडेल उभी. मधलं रिकामं घर काहीतरी सांगत असतं: या साडीला ब्लाउजपीस नाही. ते घर रिकामं असल्यामुळेच बेरीजही जुळते. ३२ साड्या, प्रत्येकी सहा फोटो, म्हणजे १९२. त्यातून तीन वजा, १८९.

हा १८९ चा आकडा निरोपात का घातला, ते गुगल ड्राइव्हवरून मोठं फोल्डर उतरवणाऱ्याला लगेच कळेल. ड्राइव्ह पूर्ण फोल्डर डाउनलोड करताना त्याची झिप करतं, आणि फोल्डर मोठं असेल तर एकाऐवजी दोन-तीन झिप येतात. फोटो त्यांच्यात कसेही विभागलेले असतात. 01 मधले काही पहिल्या झिपमध्ये, उरलेले तिसऱ्यात. पहिली झिप उघडली, फोल्डर दिसले, फोटो दिसले, काम झालं असं वाटतं. पुढल्या आठवड्यात लक्षात येतं की ४३० च्या पुढच्या साड्याच नाहीत. उपाय एवढाच की सगळ्या झिप एकाच जागी सोडवायच्या, म्हणजे फोल्डर आपोआप एकमेकांत मिसळतात, आणि मग फोल्डरच्या गुणधर्मांत जाऊन फाइलींची संख्या पाहायची. निरोपातल्या आकड्याशी जुळली तरच पुढे जायचं. एक फाइल जरी कमी असली तरी ती कुठली, हे यादी समोर धरून पाच मिनिटांत सापडतं.

फोल्डरांच्या वाटणीत एडिटरचा एकच हिशेब असतो: फोटो कुठं वापरायचाय. साडीवार ३२ फोल्डर करून प्रत्येकात चार आकार ठेवता आले असते, आणि दुकानदाराला आधी तेच सोयीचं वाटतं. पण फोटो वापरणारी माणसं वेगवेगळी असतात. वेबसाइटवालं एक, छपाईवाला दुसरा, व्हॉट्सअ‍ॅपवर बसलेली मुलगी तिसरी. प्रत्येकाला आपलं एक फोल्डर उचलून देता यावं, त्यात दुसऱ्याचं काही नसावं. साडीवार फोल्डर दिले की छपाईवाल्याला ३२ फोल्डरांत शिरून नेमकी मोठी फाइल निवडावी लागते, आणि तो घाईत हाताला लागेल ती उचलतो.

त्यातला धोका आकड्यांत पाहू. व्हॉट्सअ‍ॅपसाठी केलेली प्रत रुंदीला १०८० पिक्सेलची. छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल हा नेहमीचा हिशेब. म्हणजे ती प्रत छापल्यावर साडेतीन इंचांपेक्षा जरा जास्त रुंदीपर्यंतच टिकेल. पत्रकावर पदर आठ इंच रुंद हवा असेल तर २४०० पिक्सेल लागतात. लहान प्रत आठ इंचांवर ताणली की पदरावरच्या मोराच्या कडा पुसट होतात आणि जर पिवळ्या रंगाच्या पट्ट्यासारखी दिसते. मोबाइलवर तोच फोटो झकास दिसत असतो, म्हणून चूक छपाई होईपर्यंत कळतच नाही.

म्हणून फोल्डर वेगळं असूनही फाइलच्या नावाला पुन्हा शेपूट लावतात. एकाच पदराच्या तीन फाइली अशा दिसतात:

```
P0412_02_web.jpg
P0412_02_wa.jpg
P0412_02_print.tif
```

हे दोनदा सांगणं वाटेल, पण फाइल आपल्या फोल्डरमध्ये कायम राहत नाही. कुणीतरी ती डेस्कटॉपवर ओढतं, कुणी मेलला जोडतं. फोल्डर मागे राहतं, नाव बरोबर जातं. छपाईवाल्यानं नावात `wa` पाहिलं तर त्यानं छापायच्या आधी फोन करावा, एवढी अपेक्षा तरी ठेवता येते.

नाव बरोबर जातं, याला एक मोठा अपवाद आहे आणि तो नेमका आपल्या रोजच्या वापरातला. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सअ‍ॅपमधून साध्या फोटोसारखा पाठवलेला फोटो समोरच्याकडे `IMG-20250911-WA0007.jpg` अशा नावानं उतरतो. तारीख त्या दिवशीची, नंबर व्हॉट्सअ‍ॅपचा, साडीचा मागमूस नाही. फोटो दाबून लहान झालेला असतो ते वेगळंच. 'दुरुस्ती हवी असेल तर फोटो परत पाठवू नका, नाव लिहा' ही निरोपातली शेवटची ओळ त्यासाठीच. मालक फोटो परत पाठवून 'याचा रंग बघा जरा' म्हणतात, आणि एडिटरला १८९ फोटोंतून तो हुडकावा लागतो. 'P0418_02 चा रंग लाल मारतोय, साडी प्रत्यक्षात अंजिरी आहे' एवढं लिहिलं की ती त्याच मिनिटाला फाइल उघडते. फोटो पाठवायचाच झाला तर व्हॉट्सअ‍ॅपवर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. तसा पाठवला तर नावही टिकतं आणि दर्जाही.

दुरुस्त केलेली फाइल परत येते तेव्हा तिचं नाव बदललेलं असतं: `P0418_02_web_v2.jpg`. जुन्याच नावानं पाठवणं सोपं, पण मग दुकानात एकाच नावाच्या दोन फाइली होतात, एक लालसर आणि एक अंजिरी, आणि कुठली नवी ते उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. गुगल ड्राइव्ह तर एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली सुखेनैव नांदू देतं. वेबसाइटवर आणखी एक अडचण येते. गिऱ्हाइकाचा ब्राउझर एकदा पाहिलेला फोटो स्वतःजवळ साठवून ठेवतो. नाव तेच असेल तर पुढच्या वेळी तो साठवणीतला जुनाच दाखवू शकतो. मालक म्हणतात 'बदललाच नाही', वेबसाइटवाला म्हणतो 'बदललाय', आणि दोघंही आपापल्या स्क्रीनवर खरं बोलत असतात. नवं नाव दिलं की ब्राउझरला नवी फाइल आणावीच लागते. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरंच' अशी नावं ज्यांनी पाहिलीत, त्यांना `v2` नंतर `v3` येणार यातली शांतता वेगळी सांगायला नको.

अ‍ॅमेझॉनचं फोल्डर या सगळ्या नियमांना अपवाद आहे, कारण तिथं नियम अ‍ॅमेझॉनचे. एकगठ्ठा फोटो चढवायचे तर फाइलच्या नावात आधी त्यांच्याकडचा वस्तूचा नंबर, मग टिंब, मग फोटोचा कोड लागतो. मुख्य फोटोला `MAIN`, बाकीच्यांना `PT01`, `PT02` असं. मधे मोकळी जागा किंवा आडवी रेघ आली तर फोटो नाकारला जातो. मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी हवी, तीनही रंगांचा आकडा २५५, आणि वस्तूनं चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापलेला हवा. इथं `P0412` दिसतच नाही. म्हणून दुकानाचा कुठला नंबर अ‍ॅमेझॉनच्या कुठल्या नंबराचा, हे `00_YADI.xlsx` मध्ये शेजारी शेजारी लिहिलेलं असतं.

ती यादी हे या सगळ्या कामातलं सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत मोलाचं पान. तिच्यात एका ओळीला एक साडी: दुकानाचा नंबर, अ‍ॅमेझॉनचा नंबर, कॅमेऱ्यानं दिलेली मूळ नावं, आणि मग देवनागरीत रंग, काठ, बुट्टी, पदर. मूळ नावं असल्यामुळे वर्षभरानं कुणी मोठ्या होर्डिंगसाठी फोटो मागितला तर फोटोग्राफरकडची मूळ फाइल शोधता येते. आणि मराठी शब्दांना हक्काची जागा मिळते. 'बांगडी मोर' शोधायचं असेल तर यादीत शोधायचं, तिथून नंबर घ्यायचा.

फाइलचंच नाव मराठीत का नको, असा प्रश्न रास्त आहे. आजचे कॉम्प्युटर देवनागरी नावं व्यवस्थित दाखवतात. अडचण फाइल वेबसाइटवर गेल्यावर होते. लिंक कॉपी केली की देवनागरीतल्या प्रत्येक अक्षरखुणेचे नऊ रोमन चिन्हांत तुकडे होतात. 'पैठणी' या एका शब्दाचं असं होतं:

```
%E0%A4%AA%E0%A5%88%E0%A4%A0%E0%A4%A3%E0%A5%80
```

पंचेचाळीस चिन्हं, तीही गिऱ्हाइकाला व्हायरस वाटावा अशी. मोकळ्या जागेचंही तसंच, तिच्या जागी `%20` येतं. म्हणून नावात जागा नाही, जोडायला अधोरेषा. प्रश्नचिन्ह, कोलन, तिरकी रेघ ही चिन्हं तर विंडोज फाइलच्या नावात घेतच नाही. आणि शेवटचं `.jpg` सगळीकडे लहान अक्षरांत, कारण घरच्या विंडोजला `JPG` आणि `jpg` एकच वाटलं तरी वेबसाइट ज्या लिनक्स सर्व्हरवर असते, त्याला ती दोन वेगळी नावं. दुकानात दिसणारा फोटो साइटवर गायब होतो तो बरेचदा एवढ्यावरून.

मुख्य फोल्डरच्या नावातली तारीख उलटी, वर्ष आधी. `2025-09`, मग `2025-10`, मग `2026-03` अशी फोल्डरं आपोआप काळाच्या क्रमानं लागतात. तारीख लिहिण्याचा आंतरराष्ट्रीय नियमही हाच आहे, १९८८ पासूनचा. महिना आधी लिहिला की सगळ्या वर्षांचे सप्टेंबर एकत्र जमतात आणि यंदाचं नवरात्र गेल्या वर्षीच्या नवरात्राला चिकटतं.

हीच पद्धत लग्नाच्या फोटोंना लावायला गेलं तर मात्र बिघडते. लग्नात लेबलवरचा नंबर नसतो आणि नवरा-नवरी अल्बमसाठी फोटो निवडून आकडे कळवतात. त्यामुळे तिथं निवड होईपर्यंत नाव बदलायचंच नाही, हा नियम. फोल्डर विधींप्रमाणे: हळद, सीमांतपूजन, लग्न, स्वागत समारंभ, पुढे आकडे लावून. निवडीच्या आधीच नावं बदलली की नवरीच्या मावशीनं वहीत लिहून दिलेले दीडशे आकडे रद्दीत. दुकानाचा निरोप लग्नाला चालत नाही, म्हणून चांगली एडिटर प्रत्येक कामाला निरोप नव्यानं लिहिते.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी. हे नियम फोटो हातात आल्यावर ठरवायचे नसतात. लेबलचा फोटो शूटिंगच्या दिवशीच काढावा लागतो, सहा प्रकारांची यादी त्याआधी ठरावी लागते, छपाई होणार की नाही हे एडिटिंगच्या आधी माहीत असावं लागतं. नंतर १८९ फाइलींची नावं बदलायला लावली, तर त्याचे वेगळे पैसे मागितले जातात आणि ते मागणं योग्यच आहे. तेव्हा दुकानाचे, हॉटेलचे किंवा दागिन्यांचे फोटो करून घ्यायला देणार असाल, तर दर विचारताना एडिटरला एवढंही विचारा की फोल्डर आणि नावं कशी देणार. तिनं पाठवलेला नमुना आपल्या वहीतल्या नंबरांशी ताडून पाहा आणि फोटोग्राफर यायच्या आधी हो किंवा नाही कळवून टाका.